छपराचा रंग नव्हे, खालचा सांगाडा बघा

नाशिकच्या एखाद्या शेताचा फोटो समोर आला आणि त्यात पांढरं प्लास्टिक दिसलं, की ‘हे पॉलीहाउस, आत गुलाब नाहीतर जरबेरा’ असं बहुतेक जण ठरवून टाकतात. हिरवी जाळी दिसली की ती शेडनेट, म्हणजे ढोबळी मिरची. हे दोन्ही अंदाज नाशिक जिल्ह्यात वारंवार चुकतात, कारण ते नुसत्या रंगावर बेतलेले असतात. प्लास्टिक आणि जाळी हा बाजारात मिळणारा माल आहे, तो कुठल्याही पिकावर टाकता येतो. पीक ओळखायचं तर ते प्लास्टिक कशावर ताणलंय, बाजू उघड्या आहेत की बंद आणि फोटो कोणत्या महिन्यातला आहे, हे पाहावं लागतं.

बागलाणचं उदाहरण घेऊ. सटाणा, देवळा, कळवण या पट्ट्यात ‘अर्ली’ द्राक्षं घेतली जातात. जिल्ह्यातल्या बहुतेक बागांची गोड्या बहाराची छाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते आणि माल जानेवारीनंतर येतो. अर्ली बागेची छाटणी मात्र भर पावसाळ्यात उरकलेली असते, कारण बाजारात इतरांचा माल नसताना आपला न्यायचा असतो. त्याची किंमत अशी, की फुलोरा आणि मणी नेमके पावसात सापडतात. घड कुजतो, डाऊनी पसरतो, आणि मण्यात पाणी उतरत असताना पाऊस झाला तर मणी तडकतात. म्हणून वाय आकाराच्या अँगलवर कमान चढवून प्रत्येक ओळीच्या डोक्यावर प्लास्टिकची पट्टी ताणतात. हे आच्छादन पॉलीहाउस नव्हे. त्याला भिंती नसतात, बाजूचे पडदे नसतात, दोन पट्ट्यांमध्ये फट असते आणि खाली खोडांची सरळ रांग दिसते. आतली हवा गरम राखणं हा त्याचा हेतूच नाही, वेलीवर थेट पाणी पडू नये एवढंच त्याचं काम.

खरं पॉलीहाउस वेगळं दिसतं. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे ती पुष्कळ आहेत. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा उंच सांगाडा, माथ्यावर गरम हवा बाहेर जायला ठेवलेली सलग खिडकी, बाजूला गुंडाळून वर घेता येणारे पडदे आणि त्यांच्यामागे कीटकरोधक जाळी. यातली माथ्यावरची खिडकी मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते, कारण द्राक्षाच्या आच्छादनाला तिची गरजच पडत नाही. पण इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. पॉलीहाउस बाहेरून पाहून आतलं पीक सांगता येत नाही. गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची सगळी तशाच सांगाड्यात येतात, आणि तोच सांगाडा मावळातही दिसतो. आतला फोटो असेल तर वरच्या तारेवरून प्रत्येक झाडाला उतरलेल्या सुतळ्या मिरची सुचवतात, आणि उंच गादीवाफ्यावर जमिनीलगत पसरलेली पानं जरबेरा. प्रदेश ठरवायचा तर छपराबाहेर नजर टाकावी: शेजारी उघड्या द्राक्षबागा आहेत का, मागे सपाट माथ्याचे डोंगर आहेत का.

कोणी म्हणेल, उपग्रहाच्या चित्रात बाजू दिसतच नाहीत, मग काय करायचं? तिथे तारीख उपयोगी पडते. द्राक्षावरचं प्लास्टिक हंगामी असतं. त्याच जागेची पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली चित्रं शेजारी ठेवली, तर द्राक्षबागेवरच्या पांढऱ्या पट्ट्या उन्हाळ्यात गेलेल्या असतात आणि पॉलीहाउस जिथल्या तिथे राहतं. ही कसोटीही पूर्ण नाही. काही बागायतदार गारपिटीपासून बचावासाठी सबंध बागेवर जाळी घालतात, आणि मालेगाव-सटाण्याकडे डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून पांढरं कापड टाकलेलं असतं. डाळिंबाचं कापड मात्र झाडाच्या आकाराप्रमाणे फुगीर बसतं. तिथे सपाट मांडव नसतो, म्हणून जवळच्या फोटोत तरी फरक कळतो.

हिरव्या जाळीचा घोटाळा याहून मोठा आहे, कारण तिच्याखाली कधीकधी पीकच नसतं. पिंपळगाव बसवंतकडे किंवा सांगलीच्या तासगावात हिरव्या जाळीने वेढलेली लांबलचक शेड दिसली, तर आत बेदाणा वाळत असण्याची शक्यता धरून चालावं. आत एकावर एक जाळ्यांचे थर बांधलेले असतात, त्यांवर द्राक्षं पसरलेली असतात, आणि बाजूची जाळी थेट ऊन अडवून वारा खेळता ठेवते. रोपवाटिकेच्या शेडनेटमध्ये याउलट जमिनीवर रोपांचे ट्रे रांगेने मांडलेले दिसतात. फोटो फेब्रुवारी-मार्चचा असेल, जाळीमागे आडवे थर असतील आणि जमिनीवर वाफे नसतील, तर ती बेदाण्याची शेड समजायला हरकत नाही.

द्राक्षाचा मांडव आणि हरितगृह यांची सरमिसळ नाशिकपुरती नाही. स्पेनमधल्या अल्मेरियात मैलोन्‌मैल पसरलेली सपाट छपरांची हरितगृहं द्राक्षाच्या तारांच्या मांडवावर प्लास्टिक टाकण्यातूनच उभी राहिली, आणि आज त्यांच्याखाली टोमॅटो, मिरची, काकडी पिकते. तिथे मांडव टिकला आणि द्राक्ष गेलं. बागलाणात प्लास्टिक आलं ते द्राक्ष टिकवायला. म्हणून एकाच्या सवयीने दुसऱ्याचा फोटो वाचला तर उत्तर चुकतं.