चौकटीचा कोपरा का उकलतो?

शाळेच्या कार्यालयातली एखादी जुनी तसबीर खाली उतरवून तिचा कोपरा उजेडात धरून पाहा. दोन पट्ट्या जिथे तिरक्या मिळतात, तिथे बहुधा एक बारीक फट दिसेल. हाताने थोडे दाबले तर कोपरा हलेलही. तसबिरीला काच असते आणि खाली मुले वावरत असतात, म्हणून हा कोपरा हलणे बरे नव्हे. तो का उकलतो आणि तो पक्का कसा करायचा, हे या लेखात पाहू.

चौकटीच्या पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडतात. या सांध्याला मायटर सांधा म्हणतात. तो दिसायला नेटका, पण मुळात दुबळा असतो. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने रचलेल्या सूक्ष्म नळ्यांची जुडी. पट्टीच्या बाजूला गोंद लावला तर तो तंतूंच्या अंगावर पसरून राहतो. टोक कापले की या नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि गोंद आत शोषला जातो. सांध्यावर तो पुरेसा उरत नाही. मायटरचा काप तिरका असल्यामुळे तिथेही हाच प्रकार काही प्रमाणात घडतो. शिवाय एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणारा लाकडाचा एकही तंतू या सांध्यात नसतो. सगळी भिस्त गोंदावर असते.

यावर उपाय म्हणजे स्प्लाइन. कोपऱ्यावर बाहेरून आडवी खाच पाडून तिच्यात बसवलेली लाकडाची पातळ चीप म्हणजे स्प्लाइन. तिचे तंतू एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जातात, आणि तिच्या रुंद बाजूंवर गोंद चांगला धरतो.

माप आणि काप

एक उदाहरण घेऊ. २० × ३० सेंमी काचेसाठी चौकट करायची आहे. पट्टी सागाची, ३० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. काच बसण्यासाठी आतल्या कडेला ६ मिमी रुंद, १० मिमी खोल खाच, म्हणजे रिबेट, आहे. काच सैल बसावी म्हणून ३ मिमी मोकळीक ठेवू. मग रिबेटमधील अंतर २०३ × ३०३ मिमी. दोन्ही बाजूंचे ६ मिमी वजा केल्यावर पुढून दिसणारा मोकळा भाग १९१ × २९१ मिमी. त्यात पट्टीची रुंदी दोन्हीकडून मिळवली की बाहेरचे माप २५१ × ३५१ मिमी येते. चारही तुकड्यांची लांबी १२०४ मिमी होते. करवतीची फट आणि चुकीला वाव धरून १४०० मिमी पट्टी घ्यावी.

कापताना अर्ध्या अंशाची चूक क्षुल्लक वाटते. पण चौकटीला असे आठ काप असतात. प्रत्येक कापात त्याच दिशेने अर्धा अंश चुकला, तर चार अंशांची चूक साठते आणि ती सगळी शेवटच्या कोपऱ्यात उमटते. आपल्या पट्टीचा तिरका काप सुमारे ४२ मिमी लांब आहे. तिथे चार अंश म्हणजे जवळजवळ ३ मिमीची फट. म्हणून मायटर बॉक्समध्ये आधी दोन टाकाऊ तुकडे कापून जोडावेत आणि गुण्या लावून पाहावे. काटकोन जुळला तरच खरी पट्टी कापावी. समोरासमोरचे तुकडे पाठीला पाठ लावून त्यांची लांबी तंतोतंत सारखी आहे ना, तेही पाहावे.

कोपऱ्याचे क्लॅम्प

कोपऱ्याचा क्लॅम्प दोन पट्ट्यांना काटकोनात धरून ठेवतो. त्याचे स्क्रू प्रत्येक पट्टीला आतल्या आधारावर दाबतात. दोन पट्ट्या एकमेकींकडे मात्र ओढत नाहीत. म्हणून स्क्रू आवळण्यापूर्वी पट्ट्या हातानेच एकमेकींवर घट्ट टेकवाव्या लागतात. चुकलेला कापही क्लॅम्प सुधारत नाही.

आधी गोंदाशिवाय चारही कोपरे क्लॅम्पमध्ये बसवावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. समोरच्या बाजू समान आणि कर्णही समान, म्हणजे आयत. आपल्या चौकटीचा कर्ण ४३१.५ मिमी यायला हवा. आता पांढऱ्या सुतारी गोंदाचा एक पातळ हात कापांवर फिरवावा. पाच मिनिटांत तो नळ्यांत मुरला की दुसरा हात द्यावा आणि सांधा जोडावा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसावा. चौकट रात्रभर क्लॅम्पमध्येच राहू द्यावी.

चीप बसवताना

दुसऱ्या दिवशी चौकट कोपरा वर येईल अशी शेगड्यात धरावी. जाडीच्या साधारण एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश अंतरावर दोन रेघा आखून, करवतीने टोकापासून कर्णाच्या दिशेने २२ मिमी खोल दोन खाचा पाडाव्यात. खाचेचा तळ सपाट हवा. चीप ६० मिमी लांब, २५ मिमी रुंद आणि करवतीच्या फटीइतकी जाड घ्यावी. सपाट फळीवर चिकटवलेल्या सँडपेपरवर घासून ती जमवता येते. बोटाने दाबल्यावर ती सरकत तळाला टेकावी. हातोडी लागत असेल तर ती जाड आहे. गोंदातल्या पाण्याने फुगून ती अर्ध्यातच अडकेल.

चिपेचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे सांध्याच्या रेषेला काटकोनात हवेत. ते रेषेला समांतर असतील तर चीप सांध्यावरच सहज चिरते आणि तिचा काही उपयोग होत नाही.

आता हिशोब पाहू. रिबेट वजा जाता मूळ सांध्याचा पृष्ठभाग सुमारे साडेसात चौरस सेंमी. दोन चिपांच्या दोन्ही अंगांमुळे प्रत्येक पट्टीला चिकटण्यासाठी आणखी सुमारे साडेनऊ चौरस सेंमी मिळतात, आणि तेही गोंद चांगला धरणारे. म्हणजे चिकटण्याची जागा दुपटीहून जास्त झाली. हे चिपेच्या जाडीवर अवलंबून नाही, म्हणून पातळ चीपही पुरते. गोंद वाळल्यावर बाहेर राहिलेला भाग कापून रंध्याने सपाट करावा. रंधा टोकाकडून आतल्या दिशेने चालवावा. उलट चालवला तर टोकाची कपची निघते.

पावसाळ्यात काय होते?

दमट हवेत लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कापाचा कोन ४५ अंशांहून किंचित वाढतो. पट्ट्या आतल्या कोपऱ्यात टेकतात आणि फट बाहेरच्या टोकाशी पडू पाहते. लाकूड सुकून आकसले की उलट, आतल्या बाजूला. पट्टी एक टक्का फुगली तर आपल्या चौकटीत ही फट सुमारे ०.४ मिमी होईल. रुंदी दुप्पट केली तर फटही दुप्पट. चीप सांधा धरून ठेवते, फुगणे थांबवत नाही. म्हणून फार रुंद पट्टीला मायटर सांधा न करणेच बरे. जुन्या तसबिरीची फट आत आहे की बाहेर, यावरून जोडल्यानंतर लाकूड सुकले की फुगले, याचा अंदाज बांधता येतो.

वर्गात तपासायचे असेल तर १५ सेंमी बाहूंचे तीन कोपरे करावेत: एक नुसत्या गोंदाचा, एक योग्य दिशेच्या चिपांचा आणि एक उलट दिशेच्या चिपांचा. एक बाहू टेबलावर क्लॅम्पने आडवा आवळावा, दुसरा कडेबाहेर खाली लोंबू द्यावा. त्याच्या टोकाला दोरी बांधून ती टेबलापासून दूर आडवी ओढावी, दुसऱ्या स्टुलावर बसवलेल्या कप्पीवरून खाली सोडावी आणि तिला बादली टांगावी. बादलीत मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. बादलीखाली सतरंजी अंथरावी आणि मुलांना दोन पावले मागे उभे करावे. कोणता कोपरा किती लिटरला तुटला, एवढेच नोंदवून थांबू नये. तुटलेला भाग भिंगातून पाहावा: गोंद सुटला, चीप चिरली, की लाकूडच फाटले? लाकूड फाटले असेल, तर गोंदाचा सांधा लाकडाहून मजबूत झाला असे समजावे.