डीडब्ल्यूआयवर पांढरं, म्हणजे रिस्ट्रिक्शनच?

पेशंटचा उजवा हात पाच तासांपूर्वी लुळा पडला. डीडब्ल्यूआयवर दोन पांढरे ठिपके दिसतात, एक डाव्या कोरोना रेडिएटात आणि एक उजव्या. नवा इन्फार्क्ट कोणता?

गैरसमज १: डीडब्ल्यूआयवर पांढरं दिसलं, म्हणजे डिफ्यूजन अडलं.

वस्तुस्थिती: डीडब्ल्यूआय मुळात टी-२ वेटेड असतो. त्याचा सिग्नल असा ठरतो:

S = S₀ × e^(−b × ADC)

S₀ म्हणजे बी-० इमेजचा सिग्नल, आणि त्यात टी-२ आधीच मिसळलेला असतो. आता सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. बी १०००, आणि एडीसी × १०⁻³ mm²/s मध्ये.

- सामान्य मेंदू: बी-० ३००, एडीसी ०.८, डीडब्ल्यूआय १३५
- उजवा ठिपका: बी-० ६००, एडीसी १.२, डीडब्ल्यूआय १८१
- डावा ठिपका: बी-० ३३०, एडीसी ०.४, डीडब्ल्यूआय २२१

उजव्या ठिपक्यात पाणी सामान्य मेंदूपेक्षा मोकळं फिरतंय, तरी तो पांढरा दिसतो, कारण त्याचा बी-० सिग्नलच दुप्पट आहे. हा शाइन-थ्रू, बहुधा जुन्या ग्लायोसिसचा. एडीसी मॅपवर तो उजळ दिसतो. डावा ठिपका तिथे काळा आहे, तोच नवा इन्फार्क्ट. मॅपबद्दल शंका असेल तर बी-१००० ला बी-० ने भागा, टी-२ चा वाटा गळून पडतो. सामान्य मेंदूत उत्तर ०.४५ येतं, उजवीकडे ०.३०, डावीकडे ०.६७.

गैरसमज २: टी-२ वरही पांढरं असेल, तर तो शाइन-थ्रूच.

वस्तुस्थिती: दोन्ही एकत्र नांदतात. याच पेशंटचा तिसऱ्या दिवशी पुन्हा एमआरआय केला, तर डाव्या ठिपक्यात सूज वाढून बी-० ५४० झालेला असू शकतो, आणि एडीसी अजून ०.४ च. डीडब्ल्यूआय ३६२ वर जातो. या चकाकीत टी-२ चा हात आहे, पण रिस्ट्रिक्शनही खरंच आहे. त्यामुळे फ्लेअर पाहून शाइन-थ्रू लिहू नका. निकाल एडीसी देतो.

गैरसमज ३: एडीसी सामान्य, म्हणजे इन्फार्क्ट नाही किंवा जुना आहे.

वस्तुस्थिती: पेशी फुटू लागल्या, पाणी मोकळं झालं, की घसरलेला एडीसी पुन्हा चढतो आणि साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सामान्य पातळी ओलांडून पुढे जातो. त्या टप्प्यावर डावा ठिपका पाहा: बी-० ५४०, एडीसी ०.८, डीडब्ल्यूआय २४३. ठिपका ठळक पांढरा, पण एडीसी मॅपवर आजूबाजूच्या मेंदूत मिसळलेला. हे स्यूडोनॉर्मलायझेशन. आता उरलेला पांढरेपणा टी-२ चा आहे, तरी इन्फार्क्ट मात्र आठवड्याभरापूर्वीचाच.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘शाइन-थ्रू’ लिहून थांबण्याआधी लक्षणं कधी सुरू झाली ते विचारा. उजव्या ठिपक्याला ‘जुना’ म्हणता येतं. दहाव्या दिवशीच्या डाव्या ठिपक्याला नाही.