अंगावर आलेल्या मुंग्या

स्वप्नात मी आजोळच्या स्वयंपाकघरात होते. फडताळातून पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आत हात घातला. पीठ कोमट लागलं. मग ते हललं. डब्याच्या काठावरून लाल मुंग्यांचा लोंढा वर आला, बोटांवरून मनगटावर चढला आणि बाहीत शिरला. झटकायला गेले तर हात उचलेना. दचकून जागी झाले, तेव्हा उजवा हात अंगाखाली दबून बधिर झालेला होता, आणि त्याला सडकून मुंग्या आल्या होत्या.

‘हाताला मुंग्या येणं’ हे आपण दिवसातून दहा वेळा सहज बोलून जातो. त्या रात्री ते शब्द मला पहिल्यांदा खरे दिसले. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, आणि कातडीवर काहीतरी सरपटल्यासारखं वाटण्याला डॉक्टर आजही ‘फॉर्मिकेशन’ म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना एकाच संवेदनेसाठी एकच प्राणी सुचला. दबलेली नस मोकळी होऊ लागली की तिचे तंतू आपापले, ताळमेळ नसलेले इशारे पाठवू लागतात. मेंदूकडे पोचतात ते असंख्य बारीक, हलते स्पर्श, आणि स्पर्श करणारं मात्र कुणीच नसतं. असा स्पर्श जगात कोण करतं, असं विचारलं तर जागेपणीही आपलं उत्तर मुंग्या हेच असेल. माझ्या झोपलेल्या मेंदूने तेच उत्तर दिलं, फक्त त्याचं चित्र काढून दिलं.

झोपेत कातडी जागी असते, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. फ्रान्समधल्या आल्फ्रेड मोरी यांनी 19व्या शतकात स्वतःवरच प्रयोग केले. ते झोपले असताना कुणीतरी त्यांच्या ओठांना आणि नाकाला पिसाने गुदगुल्या करायचं. मोरींना स्वप्न पडलं ते छळाचं: चेहऱ्यावर डांबराचा मुखवटा चिकटवून तो ओरबाडून काढला जात होता. पिसाचं डांबर झालं! पुढे 1958मध्ये अमेरिकेत विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी स्वप्नाच्या झोपेत असलेल्या लोकांच्या अंगावर गार पाणी शिंपडलं. जे त्याने जागे झाले नाहीत, त्यांना थोड्या वेळाने उठवून स्वप्न विचारलं. अशा 100पैकी सुमारे 42 वेळा स्वप्नात पाणी आलं होतं, कुठे छप्पर गळताना, कुठे पावसाची सर होऊन. नुसता आवाज ऐकवला तेव्हा तो 100मध्ये जेमतेम 9 वेळा स्वप्नात शिरला. म्हणजे स्वप्नाच्या दारावर कानापेक्षा कातडीची थाप जोरात पडते.

पण हात दबलेला नसताना, अंगावर काही नसतानाही झुरळं स्वप्नात येतात. ती मग कुठून येतात? इथे किळस या भावनेकडेच पाहावं लागतं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात एक साधा प्रयोग केला. फळांच्या रसाच्या पेल्यात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं आणि तो रस लोकांपुढे ठेवला. त्या रसापासून अपाय नाही, हे त्यांना सांगितलं होतं, पटलंही होतं. तरी प्यायला मन होईना. किळस जंतू मोजत नाही. ती फक्त विचारते, ‘हे त्याला शिवलं होतं का?’ आणि एकदा शिवलं की शिवलं.

मला जास्त थक्क करते ती या किळसेची दुसरी बाजू. टॉम कुप्फर आणि सहकाऱ्यांनी चीन आणि अमेरिकेतल्या लोकांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवल्या. घाण आणि रोगट दृश्यं पाहून लोकांना मळमळलं. उवा-गोचिडांसारखे अंगावर जगणारे जीव पाहून मात्र कातडी शिवशिवली, हात आपोआप खाजवू लागले. म्हणजे शरीराचे पहारेकरी दोन आहेत. एक तोंडाशी उभा असतो आणि ओकून टाकतो. दुसरा कातडीवर असतो आणि खाजवतो, झटकतो. बहुतेक किळसवाण्या गोष्टी यांतल्या एकालाच उठवतात. झुरळ दोघांनाही उठवतं, कारण ते मोरीतून येतं, ताटाकडे जातं आणि वाटेत आपल्या पायावरूनही धावतं. थव्याचं तर काय सांगावं! एका किड्यावर नजर ठेवता येते, शंभरांवर नाही. कुठला कुठे शिरला हे डोळ्यांना कळेनासं झालं की सगळी राखण कातडीवर येऊन पडते.

कोळ्याची गोष्ट थोडी वेगळी. जर्मनीत सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि त्याच आकाराच्या, रंगाच्या कोळ्यांची चित्रं दाखवली, तेव्हा कोळ्यांकडे बघताना त्यांच्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. स्टेफानी होएल यांचं हे संशोधन 2017मध्ये प्रसिद्ध झालं. विस्फारलेली बाहुली म्हणजे भीतीच असं नाही, पण मेंदू सावध झाला एवढं खरं. तेच बाळ रांगायला लागलं की जमिनीवरचं मेलेलं झुरळ तोंडात घालायला मागेपुढे पाहत नाही. सावधपणा आधी येतो, किळस मागाहून, घरच्यांच्या ‘शी!’ म्हणण्यातून. मोठेपणी किड्याच्या एकाच चित्रात दोन्ही नांदतात.

हे चित्र रात्रीच इतकं का माजतं, याचं कारण स्वप्नांच्या झोपेतच आहे. त्या झोपेत अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग जोरात काम करत असतो. ‘अगं, साधं झुरळ आहे’ अशी समजूत घालणारा कपाळामागचा भाग मात्र मंदावलेला असतो. आणि हातापायांचे स्नायू मेंदूनेच सैल सोडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नं अंथरुणातच वठवली असती. मला वाटतं, किड्यांच्या स्वप्नाचं खरं भय इथे आहे. वाघ आला तर माणूस निदान ओरडतो, लपतो. पण कातडीवरच्या किळसेला झटकणं हा एकच उपाय ठाऊक असतो, आणि नेमका तोच त्या वेळी काढून घेतलेला असतो.

कधीकधी डोळे उघडल्यावरही भिंतीवर मोठा कोळी दिसत राहतो. हे स्वप्नाचं शेपूट असतं. झोप पूर्ण सुटण्याआधी डोळे उघडलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: दिवा लावला की तो पळत नाही, विरून जातो. खरा कोळी पळतो. मात्र लख्ख उजेडात, पूर्ण जाग असताना किडे दिसत राहिले, अंगात शिरल्यासारखे वाटले, किंवा दारू अचानक बंद केल्यावर, तापाच्या भरात असं होऊ लागलं, तर डॉक्टरांना गाठावं, कारण ते स्वप्न नव्हे.

त्या रात्री मी दिवा लावला. चादर उलटीपालटी केली, उशी झटकली. हाताच्या मुंग्या ओसरत होत्या, बोटं वळू लागली होती. हातावर काही नव्हतं, ते मला दिसत होतं. तरी मी मोरीत गेले, नळ सोडला आणि कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुतला.