एक तृतीयांश कपाटाचं काय करायचं?

लाकडी सामान बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा हिशेब घेऊ. आकडे सोयीसाठी मी ठरवलेत, पण अशी अडचण कुठल्याही कारखान्यात येऊ शकते. इथे कपाट आणि पलंग अशा दोनच वस्तू होतात. एका कपाटाला प्लायच्या ८ शीट लागतात, एका पलंगाला ५. गोदामात ४८ शीट आहेत. कोणतीही वस्तू करायला मिस्त्रींना एक दिवस लागतो आणि माल पोचवायला सातच दिवस उरलेत. कपाटामागे ११ हजार रुपये सुटतात, पलंगामागे ७ हजार. कपाटांची संख्या क आणि पलंगांची प धरली, तर सगळा मामला तीन ओळींत मावतो:

नफा (हजारांत): ११क + ७प, जास्तीत जास्त
प्लाय: ८क + ५प ≤ ४८
दिवस: क + प ≤ ७

यात न लिहिलेली एक अट आहे आणि सगळी मेख तिच्यातच आहे. क आणि प पूर्ण संख्या हव्यात, कारण अर्धवट कपाट कोणी विकत घेत नाही.

ही अट तात्पुरती सोडून दिली, तर गणित सोपं होतं. प्लायही संपावा आणि दिवसही, असं मानून दोन समीकरणं सोडवायची. दिवसांच्या समीकरणाला ५ने गुणलं की ५क + ५प = ३५. हे प्लायच्या समीकरणातून वजा केलं की ३क = १३ उरतं. म्हणजे ४ पूर्णांक एक तृतीयांश कपाटं, २ पूर्णांक दोन तृतीयांश पलंग आणि नफा ६६,३३३ रुपये. पूर्णांकांची अट ढिली सोडून मिळालेल्या या रूपाला रेषीय शिथिलीकरण म्हणतात. हजारो चल असले तरी अशी गणितं सोडवायची पद्धत जॉर्ज डँट्झिगने १९४७मध्ये दिली. तिचं नाव सिम्प्लेक्स.

आता त्या एक तृतीयांश कपाटाचं काय करायचं? व्यवहारी माणूस आकडे जवळच्या पूर्णांकावर आणेल: ४ कपाटं, ३ पलंग. सात दिवस पुरतात, ४७ शीट लागतात, नफा ६५ हजार. एक शीट उरली, बाकी सगळं चोख. पण याहून चांगला बेत नाहीच, हे कशावरून?

शिथिल उत्तराचा खरा उपयोग इथे आहे. कपाटं कापून विकायची मुभा दिली तरी ६६,३३३ रुपयांच्या वर जाता येत नाही. मग पूर्ण वस्तूंचीच सक्ती केल्यावर त्याहून जास्त मिळणं शक्यच नाही, कारण अट वाढवली की नफा घटेल किंवा तेवढाच राहील, वाढणार मात्र नाही. म्हणजे ६६,३३३ ही कमाल मर्यादा झाली. शिवाय दोन्ही वस्तूंचा नफा पूर्ण हजारांत असल्याने कुठल्याही खऱ्या बेताचा नफाही पूर्ण हजारांतच येणार. म्हणून मर्यादा खाली ओढून ६६ हजारांवर आणता येते. हातात ६५ आहेत आणि छत ६६चं आहे. प्रश्न फक्त मधल्या एका हजाराचा उरला.

तो सोडवण्याची रीत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम करणाऱ्या दोघींनी मांडली: एल्सा लँड आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या अ‍ॅलिसन डॉइग. त्यांचा लेख १९६०मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आला आणि त्या कामाला ब्रिटिश पेट्रोलियमचं पाठबळ होतं. आज रूढ असलेलं ‘ब्रँच अँड बाउंड’ हे नाव मात्र त्यांचं नाही. ते १९६३मध्ये फिरत्या विक्रेत्याच्या कोड्यावर लिहिणाऱ्या चौघांनी वापरलं आणि त्यांपैकी एक होते भारतीय गणितज्ञ कट्टा मूर्ती. प्रत्येक वेळी दोनच फांद्या फोडायची आजची सुटसुटीत पद्धत १९६५मध्ये आर. जे. डाकिनने सुचवली.

कपाटांचा आकडा ४ आणि ५च्या मध्ये अडकला आहे. खऱ्या बेतात तो ४ किंवा त्याहून कमी असेल, नाहीतर ५ किंवा त्याहून जास्त. तिसरी शक्यता नाही. म्हणून एका गणिताची दोन करायची: एकात क ≤ ४ ही जादा अट, दुसऱ्यात क ≥ ५. एकही खरा बेत यात निसटत नाही. निसटतो तो फक्त मधला अपूर्णांकांचा पट्टा, आणि तो आपल्याला नकोच होता.

पहिली फांदी सोडवली की ४ कपाटं, ३ पलंग, ६५ हजार असंच उत्तर येतं. या वेळी आकडे आपोआप पूर्ण आले, म्हणजे या फांदीत याहून चांगलं काही नाही हे सिद्ध झालं. ती संपली.

दुसऱ्या फांदीत ५ कपाटांना ४० शीट जातात, उरलेल्या ८ शीटमध्ये १.६ पलंग बसतात आणि मर्यादा येते ६६,२००. पूर्ण हजारांच्या नियमाने ती ६६ धरायची. हातात ६५ आहेत, म्हणजे एका हजाराची आशा अजून शिल्लक आहे आणि ही फांदी छाटता येत नाही. आता पलंगांचा आकडा अपूर्ण आहे, तेव्हा फांदी त्यावर फोडायची: प ≤ १ किंवा प ≥ २. निदान ५ कपाटं आणि निदान २ पलंग म्हटलं तर ५० शीट लागतात. त्या नाहीत, म्हणून ही फांदी जागीच सुकली. प ≤ १ घेतलं तर एका पलंगाच्या ५ शीट वजा जाऊन ४३ उरतात, त्यात ५.३७५ कपाटं बसतात आणि मर्यादा ६६,१२५ येते. अजूनही ६६ची आशा आहे.

पुन्हा कपाटांवर फांदी फोडू. क ≤ ५ घेतलं तर ५ कपाटं, १ पलंग आणि ६२ हजार. हातातल्या ६५ पुढे हे काहीच नाही, फांदी छाटली. क ≥ ६ घेतलं तर ६ कपाटं, ४८ शीट, एकही पलंग नाही आणि नफा ६६ हजार.

सर्वोत्तम बेत म्हणजे पलंग करूच नका, सहा कपाटं करा आणि सातव्या दिवशी मिस्त्रींना सुट्टी द्या! ४ आणि ३च्या आसपास कितीही चाचपडलं असतं तरी हे उत्तर सुचलं नसतं.

आता क्रम बदलून पाहू. सुरुवातीलाच क ≥ ५च्या फांदीत शिरलो असतो आणि तिथून थेट प ≤ १, मग क ≥ ६ असे उतरलो असतो, तर ६६ हजार आधीच हाती आले असते. त्या क्षणी मुळातली मर्यादा आठवायची: तीही ६६च. मग बाकीच्या फांद्या उघडून पाहायची गरजच उरत नाही. क ≤ ४ची अख्खी बाजू तिच्यातलं एकही गणित न सोडवता छाटली जाते. म्हणून चांगलं उत्तर लवकर सापडणं आणि मर्यादा घट्ट असणं, या दोन गोष्टींवर या पद्धतीचा वेग ठरतो. प्रत्येक फांदीवर गणित पहिल्यापासून मांडावं लागत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. आधीच्या उत्तरात एक नवी अट घुसली एवढंच झालेलं असतं, त्यामुळे ड्युअल सिम्प्लेक्स नावाच्या रीतीने ते थोड्या पायऱ्यांत दुरुस्त होतं.

खरं सांगायचं तर आपल्या कारखान्यात शक्य बेत आहेत फक्त ३३. कागदावर एकेक लिहून काढले असते तरी चाललं असतं. पण हो-नाही स्वरूपाचे ५० निर्णय असले, की शक्यता अकराशे लाख कोटींच्या वर जातात. तिथे यादी करून भागत नाही, छाटावंच लागतं.

आणि छाटणी कधीकधी अजिबात होत नाही. रॉबर्ट जेरोस्लोने १९७४मध्ये याचं एक खट्याळ उदाहरण दिलं. समजा ९९ चल आहेत, प्रत्येक ० किंवा १. प्रत्येकाची दुप्पट करून बेरीज ९९ यायला हवी. सम संख्यांची बेरीज विषम कशी येईल? शाळकरी पोरही नाही म्हणेल. पण शिथिल रूपात सगळ्या चलांना अर्धा दिला की बेरीज बरोबर ९९ येते. एक चल १ वर पक्का केला तर बाकीचे थोडे कमी करून बेरीज पुन्हा जुळते. एकाच बाजूला, म्हणजे सगळे शून्यावर किंवा सगळे एकावर, निदान ५० चल पक्के होईपर्यंत कुठलीच फांदी सुकत नाही. म्हणजे पुन्हा तोच अकराशे लाख कोटींचा पसारा, तोही ‘उत्तर नाही’ एवढं कळण्यासाठी. निव्वळ फांद्या फोडणारा संगणक इथे हात टेकतो.

उपाय फांद्यांत नाही, मर्यादा घट्ट करण्यात आहे. आपल्याच कारखान्याच्या दोन्ही अटींची बेरीज करा: ९क + ६प ≤ ५५. तिनाने भागा: ३क + २प ≤ १८⅓. क आणि प पूर्ण असतील तर डावी बाजूही पूर्ण संख्याच असणार, मग ती १८च्या वर जाऊ शकत नाही. ३क + २प ≤ १८ ही नवी अट एकाही खऱ्या बेताला धक्का लावत नाही, पण ४ पूर्णांक एक तृतीयांश कपाटांचं उत्तर कापून टाकते. तिच्यासह शिथिल गणित पुन्हा सोडवा. उत्तर थेट ६ कपाटं, ० पलंग, ६६ हजार येतं, एकही फांदी न फोडता. अशा अटींना छेद म्हणतात आणि त्या पद्धतशीर काढायची रीत राल्फ गोमोरीने १९५८मध्ये दिली. जेरोस्लोचं कोडंही असंच सुटतं. दोनाने भागलं की पूर्ण संख्यांची बेरीज साडेएकोणपन्नास हवी असं दिसतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. मोठ्या गणितांत नुसत्या छेदांनी सहसा भागत नाही, म्हणून आजची सॉफ्टवेअरं आधी छेद घालतात आणि मग फांद्या फोडतात.

अशी सॉफ्टवेअरं चालू असताना पडद्यावर दोन आकडे दाखवतात: हातातलं उत्तर आणि शिल्लक फांद्यांची कमाल मर्यादा. दोन्हींतला फरक ठरवलेल्या टक्केवारीच्या आत आला की ती थांबतात. गुरोबी या सॉफ्टवेअरमध्ये ही टक्केवारी मुळात ०.०१ ठेवलेली असते, पण घाईपोटी लोक ती वाढवतात. आपल्या उदाहरणात ६५ आणि ६६.३३ यांच्यात फरक साधारण दोन टक्क्यांचा. कोणी तीन टक्क्यांची सूट दिली असती, तर पहिल्याच टप्प्यावर ४ कपाटं आणि ३ पलंग ‘सर्वोत्तम’ म्हणून छापून आले असते. तेव्हा संगणकाने काढलेलं सर्वोत्तम वेळापत्रक किंवा वाटप कोणी पुढे ठेवलं, तर शेजारी कमाल मर्यादा किती होती आणि किती टक्क्यांवर थांबलात, हे आधी विचारा.