भिगवणचे रोहित: तारखेआधी पाणी पाहा

उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणजवळच्या कुंभारगावात रोहित पक्षी पाहायला बरेच जण थंडी पडताच निघतात आणि हिरमुसले होऊन परततात. कारण पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असेल, तर रोहितांना उभं राहायला जागाच नसते. हा पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखलातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो. शेतीसाठी पाणी सुटू लागलं, काठ उघडे पडले, की थवे उतरतात. म्हणून निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीचा पाणीसाठा पाहावा आणि स्थानिक नावाड्याला फोन करावा.

पाऊस चांगला झाला असेल, तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. तेव्हा हिमालयापलीकडून आलेले पट्टकदंबही अजून परतलेले नसतात. मार्चमध्ये रोहित दिसतात, पण पट्टकदंब बहुधा निघून गेलेले असतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी उथळ जागा लवकर तयार होतात. मग सहलही आधी आखावी.

सूर्योदयालाच होडीत बसावं. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना ताणल्या, की नावाड्याला तिथेच थांबायला सांगावं.