चार ओळींची नोटीस आणि पंधरा मिनिटं पाणी

सायन्सचे प्रवेश आटोपले, की कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबच्या दारावर दरवर्षीची नोटीस लागते. गॉगल घालावा. ग्लोव्ह्ज वापरावेत. वायू सुटणारे प्रयोग फ्यूम हूडमध्ये करावेत. अंगावर रसायन उडाल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे व शिक्षकांना कळवावे. चार ओळी आणि खाली विभागप्रमुखांची सही. नोटिशीत चुकीचं काही नसतं. पण यातली प्रत्येक गोष्ट कुठवर साथ देते आणि कुठे सोडून जाते, हे त्या कागदावर नसतं. नव्या मुलांना तेच कळायला हवं.

गॉगलपासून सुरुवात करू. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं, आपण काही मोठी ॲसिडं हाताळत नाही, साधं टायट्रेशन तर करतोय. त्याच टायट्रेशनमध्ये ब्युरेट भरताना काय होतं ते पाहा. स्टँड टेबलावर असतो, त्यामुळे ब्युरेटचं तोंड बुटक्या मुलामुलींच्या डोळ्यांच्याही वर जातं. मग टाचा उंचावून, मान वर करून फनेलमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं जातं. फनेल तोंडात घट्ट बसलेलं असेल, तर खालच्या हवेला बाहेर यायला वाट राहत नाही. द्रावण फनेलमध्ये साचतं, मग एकदम मोठा बुडबुडा वर येतो आणि थेंब उडतात. खाली वर केलेला चेहरा असतोच. उपाय सोपा आहे. स्टँड खाली स्टुलावर घ्यावा, फनेल दोन बोटांनी किंचित उचलून धरावं आणि ओतण्याआधी गॉगल चढवावा.

नेहमीचा चष्मा असला म्हणजे गॉगल नको, हा समज फार घट्ट आहे. चष्म्याच्या वरून, खालून आणि बाजूंनी फट असते, आणि वरून आलेला थेंब कपाळावरून ओघळत थेट डोळ्यात जातो. केमिस्ट्रीला कडेने चेहऱ्याला चिकटून बसणारा स्प्लॅश गॉगल लागतो. त्याची हवेची छिद्रं आडवळणाची असतात, म्हणजे हवा जाते पण थेंब सरळ आत शिरत नाही. चष्म्यावरून बसेल असा मोठा गॉगलही मिळतो. अमेरिकी मानकाचा गॉगल असेल, तर त्याच्यावर इंग्रजी डी आणि ३ अशी खूण पाहा, ती शिंतोड्यांसाठी असते. सुतारकामाच्या पारदर्शक चष्म्यावर ती सहसा नसते. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते आणि मुलं गॉगल कपाळावर सरकवतात. वाफ धरलीच, तर टेबलापासून लांब जाऊन पुसून यावं. आपलं रीडिंग संपलं आणि आता जर्नल लिहायचं आहे, म्हणूनही तो काढायचा नाही. शेजारच्याची परीक्षानळी बर्नरवर अजून उकळत असते, आणि तिचं तोंड कुणाकडे आहे याचं भान त्याला असेलच असं नाही.

ग्लोव्ह्जची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे खरा धोका निर्धास्तपणाचा असतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांची हकीकत जगभरच्या प्रयोगशाळांत सांगितली जाते. विषारी धातूंचा पेशींवर काय परिणाम होतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथाइल मर्क्युरी नावाचं पाऱ्याचं संयुग हाताळत होत्या. काम फ्यूम हूडमध्ये चाललं होतं, डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, हातात लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज होते. पिपेटमधून थेंब-दोन थेंब ग्लोव्हवर पडले. त्यांनी आवराआवर केली आणि मग ग्लोव्ह्ज काढले. तेव्हा काहीच जाणवलं नाही. पाचएक महिन्यांनी चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, आणि तपासणीत पाऱ्याची विषबाधा निघाली. ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या. नंतर चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं, की ते संयुग तसल्या पातळ लॅटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं. ग्लोव्हला भोक नव्हतं, तो फाटलाही नव्हता.

कॉलेजात डायमिथाइल मर्क्युरी कुणी देणार नाही. पण हे आरपार जाणं इथेही घडतं. आपल्याकडे मिळणारे निळे किंवा जांभळे पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज पाण्यातली सौम्य ॲसिडं आणि अल्कली यांना पुरतात. ॲसिटोन मात्र त्यांच्यातून मिनिटभरात पार होतं, डायक्लोरोमिथेनही तसंच. संहत नायट्रिक ॲसिड तर नायट्राइललाच खातं. म्हणून पातळ ग्लोव्ह हा एका शिंतोड्यापुरता आहे असं धरून चालावं. थेंब पडला, की थांबायचं, ग्लोव्ह काढायचा, हात धुवायचे आणि नवा चढवायचा. काढताना एका हाताने दुसऱ्या ग्लोव्हची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरून तो उलटा ओढायचा. मग उघड्या हाताचं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आत, कातडीच्या बाजूने घालून तोही उलटा करायचा. बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये.

ग्लोव्ह घातलेल्या हाताने मोबाइल, दाराची कडी आणि स्वतःचं नाक या तीन गोष्टींना हात लावायचा नाही, कारण ग्लोव्हमुळे आपला हात सुरक्षित राहतो आणि दुसऱ्या कुणाचा तरी रसायनात जातो. बर्नरजवळ काम असेल, तर पातळ ग्लोव्ह काढून ठेवलेला बरा. तो वितळून कातडीला चिकटतो.

फ्यूम हूडला बरीच मुलं पंखा लावलेलं कपाट समजतात, आणि काही लॅबमध्ये ते कपाटच झालेलं असतं: आत पन्नास बाटल्या. वास्तविक त्याचं काम समोरून हवा आत ओढून मागच्या फटींतून वर नेण्याचं. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असतो, म्हणजे रमतगमत चालण्याहूनही कमी. इतकी हळू हवा सहज विचलित होते. मागून कुणी लगबगीने गेलं, समोरची खिडकी उघडी राहिली किंवा डोक्यावरचा सीलिंग फॅन पाचवर फिरत असला, की आतली वाफ बाहेर तोंडावर येते. सीलिंग फॅन ही आपल्याकडची खास अडचण. हूड वापरताना तो बंद ठेवा. उकाडा सोसा.

हूड सुरू आहे हे आवाजावरून ठरवू नये. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी सरकत्या काचेच्या खालच्या कडेला चिकटवा. ती आतल्या बाजूला ओढली जात असेल तर हवा चालू आहे, सरळ लोंबत असेल तर मोटार कितीही घरघरली तरी उपयोग नाही. भांडं काठापासून किमान १५ सेंटिमीटर आत ठेवा, मागच्या फटी बाटल्यांनी अडवू नका, आणि काच हात जाण्यापुरतीच उघडा. ती चेहरा आणि भांडं यांच्या मधे असली पाहिजे. आत काय चाललंय ते पाहायला डोकं घातलं, तर हूड असून नसल्यासारखा.

आता चौथी ओळ. माझ्या मते नोटिशीत ती पहिली असायला हवी, कारण बाकीच्या तिघांसाठी विचार करायला वेळ असतो, हिच्यासाठी नसतो.

समजा, त्या ब्युरेटच्या मुलीने गॉगल घातला नव्हता आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब उजव्या डोळ्यात गेला. ०.१ नॉर्मल, म्हणजे लिटरमागे जेमतेम ४ ग्रॅम. त्याने डोळा चुरचुरेल, लाल होईल. पण साठ्याच्या बाटलीतलं द्रावण याच्या दसपट किंवा त्याहूनही तीव्र असू शकतं, आणि थेंब कोणत्या बाटलीतला हे त्या क्षणी कुणी विचारत बसू नये. ॲसिड डोळ्यातली प्रथिनं गोठवतं, आणि तो गोठलेला थर पुष्कळदा पुढची वाट थोडी अडवतो. अल्कली पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करतं आणि आत शिरतच राहतं. त्यामुळे पहिल्या मिनिटाला फारसं दुखत नाही म्हणून निश्चिंत होण्याची सोय नाही.

अशा वेळी डोळा घट्ट मिटतो आणि हात चोळायला धावतो. म्हणून दुसऱ्या कुणीतरी तिला दंडाला धरून आयवॉशपाशी न्यायचं. अमेरिकी मानकानुसार तो १० सेकंदांच्या अंतरावर असावा लागतो. आयवॉश नसेल तर जवळचा नळ. धार मंद करायची. उजवा डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान वाकवायची, म्हणजे वाहणारं पाणी डाव्या डोळ्यात जात नाही. दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, बुबुळ वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पाणी चालू असतानाच ती काढायची, त्यासाठी आधी आरशासमोर उभं राहायचं नाही. आणि हे घड्याळ लावून किमान १५ मिनिटं. दोन मिनिटांत ‘बरं वाटतंय सर’ असं उत्तर येतं. ते ऐकायचं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि सोबत रसायनाचं नाव, तीव्रता, घटनेची वेळ लिहिलेली चिठ्ठी. बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो.

उदासीनीकरण धड्यात शिकलेली मुलं इथे हुशारी करतात: अल्कली गेलंय ना, मग बोरिक ॲसिड. डोळ्यात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते, आणि बाटली शोधण्यात महत्त्वाचे क्षण जातात ते वेगळेच. गुलाबपाणी, दूध, तूप, हळद यांचंही तेच.

कातडीवर उडालं तरी भरपूर पाणी, तितकाच वेळ. सोडियम हायड्रॉक्साइडच्या कोरड्या गोळ्या असतील तर आधी झटकून मग पाणी. कपड्यांवर सांडलं असेल तर तो कपडा अंगावरून उतरवायलाच हवा, कारण ओला कापड रसायन कातडीला धरून ठेवतो. इथे मुली आणि मुलगेही लाजून थांबतात. शिक्षकांनी त्याची सोय आधीच करावी: एक जादा ॲप्रन, एक चादर आणि आडोसा धरणाऱ्या दोन मैत्रिणी. गळाबंद कुर्ता डोक्यावरून काढू नये, कात्रीने कापावा, नाहीतर रसायन चेहऱ्यावर येतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा मात्र अपवाद: पाण्याने धुतल्यावर त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं आणि लगेच इस्पितळ. ते जेल लॅबमध्ये नसेल तर ते ॲसिडही लॅबमध्ये नको.

नोटीस लावणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. सही करण्याआधी आयवॉशचा दांडा दाबून पाहा. महिनोन् महिने बंद राहिलेल्या नळीतून आधी गंजाचं लाल पाणी येतं, म्हणून दर आठवड्याला तो मिनिटभर चालवून सोडायला हवा, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देण्याइतकं तापतं का, हेही एकदा दुपारी हात धरून बघायला हवं. आणि नव्या मुलांनो, पहिल्या प्रॅक्टिकलला जर्नल उघडण्याआधी तुमच्या टेबलापासून जवळचा नळ कुठला, तिथवर डोळे मिटून जाता येतं का आणि वाटेत कुणाच्या बॅगा पडल्या आहेत का, एवढं पाहून ठेवा.