स्कॉलरशिप स्वीकारली, पहिला हप्ता कधी?

एरास्मस मुंडस ही युरोपीय संघाची स्कॉलरशिप मिळवणाऱ्यांत गेल्या काही वर्षांत भारतीय विद्यार्थी आघाडीवर असतात. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं एकत्र येऊन एखादा मास्टर्स चालवतात आणि विद्यार्थी निदान दोन देशांत शिकतो. निवड झालेल्याला फी नाही, विमाही त्यातच, आणि वर महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. निवडीचा मेल साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो. ‘स्वीकारत आहात का ते अमुक तारखेपर्यंत कळवा’ असं त्यात असतं, आणि ती मुदत बहुधा आठवडा-दोन आठवड्यांचीच.

उत्तरात बरेच जण भरभरून आभार मानतात आणि पैशांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आत्ताच मिळालंय, लगेच पैसे कधी देता म्हणून काय विचारायचं, ही आपली भीड. ती इथे निखालस चुकीची आहे. समन्वय करणाऱ्या विद्यापीठातल्या माणसाला हा प्रश्न दरवर्षी नव्या मुलांकडून येतोच. एप्रिलमध्ये विचारला तर तो चार ओळींचं उत्तर देतो. तोच प्रश्न सप्टेंबरात, रिकाम्या खिशानं, परक्या शहरातल्या होस्टेलवरून विचारला तर त्याच्याही हातात फारसं काही उरलेलं नसतं.

पण नुसतं ‘पैसे कधी येतील?’ असं विचारलं की उत्तरही तसंच मोघम येतं: ‘सत्र सुरू झाल्यावर.’ कारण पहिल्या हप्त्याला एक ठरलेली तारीख नसते, तो काही गोष्टी पूर्ण झाल्यावर निघतो. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. पदवी पूर्ण केल्याचा पुरावा हवा. विद्यार्थी प्रत्यक्ष पोहोचून त्याची नावनोंदणी झालेली हवी. बहुतेक ठिकाणी युरोपातलं बँक खातंही लागतं. हे सगळं झालं तरी पैसे त्याच दिवशी निघत नाहीत. विद्यापीठाचा लेखाविभाग महिन्यातून एकदा यादी करून पैसे सोडतो आणि त्या यादीला शेवटची तारीख असते. खात्याचा क्रमांक एक दिवस उशिरा दिला की नाव पुढच्या महिन्याच्या यादीत जातं. त्यामुळे विचारायचं ते हे: पहिला हप्ता निघण्यासाठी माझ्याकडून काय काय लागेल, त्या महिन्याच्या यादीची शेवटची तारीख कोणती, आणि एखादा महिना हुकला तर त्याचे पैसे पुढच्या हप्त्यात मिळतात का?

या प्रश्नामागे किती रुपये अडकलेले असतात ते पाहू. समजा, सांगलीची एक मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं पहिलं सत्र जर्मनीत आहे. व्हिसाची फी ७५ युरो. विमानाचं तिकीट ६०० धरू. खोलीचं भाडं महिना ४०० आणि अनामत दोन महिन्यांची, म्हणजे ८००. (जर्मन कायद्यानं मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत अनामत घेता येते, मात्र ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि हे घरमालक आपणहून सांगेलच असं नाही.) ती सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचली आणि पैसे ऑक्टोबरच्या मध्यावर आले, तर दोन महिन्यांचं भाडं ८०० आणि जेवणखाणाचे ५०० आणखी. बेरीज २,७७५ युरो. हिशोबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरला, तर पावणेतीन लाखांच्या थोडं वर. ‘पूर्ण स्कॉलरशिप’ मिळालेल्या मुलीच्या घरी ही रक्कम आधी उभी करावी लागते.

इथे जुन्या सीनिअर्सचा सल्ला दगा देतो. २०२० पर्यंतच्या योजनेत महिन्याचे १००० युरो होते. शिवाय भारतासारख्या दूरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना प्रवासासाठी वर्षाला ३००० आणि बस्तान बसवण्यासाठी एकदाच १००० युरो वेगळे मिळत. २०२१ पासून हे सगळं १४०० मध्येच धरलेलं आहे. प्रवासाचे पैसे वेगळे येतील म्हणून थांबलेला विद्यार्थी थांबूनच राहतो. जुन्या योजनेतल्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी आपल्या करारात काय छापलंय तेच पाहावं.

व्हिसाच्या बाजूनं मात्र थोडा दिलासा आहे. जर्मनीला शिकायला जाणाऱ्याला एरवी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, गोठवलेल्या खात्यात ठेवून दाखवावे लागतात. १४०० ची स्कॉलरशिप त्याहून जास्त असल्यानं तिचं पत्र त्या जागी चालतं. पण पत्रात महिन्याची रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेला हवा. नुसतं ‘आपली निवड झाली आहे’ असं पत्र व्हिसाच्या खिडकीवर पुरत नाही. म्हणून हे पत्रही याच मेलमध्ये मागून घ्यायचं.

आता अटींकडे. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना आधी सही करून द्यावा लागला होता. एरास्मस मुंडसमध्ये असं परतफेडीच्या नोकरीचं बंधन नाही, त्यामुळे अटी वाचायचा कंटाळा केला जातो. पण अटी आहेत. पूर्णवेळ शिकायचं, ठरलेल्या देशांत ठरलेली सत्रं करायची, त्याच काळात युरोपीय संघाच्या पैशातून दुसरी शिष्यवृत्ती घ्यायची नाही, अभ्यास सोडला तर हप्ते थांबतील. यातली कुठली अट आपल्याला अडचणीची आहे ते सही करण्याआधी सांगायचं असतं. ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ हे वाक्य करार न वाचता लिहिणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची सर्वात मोठी अडचण निकालाची. परीक्षा जूनपर्यंत, निकाल जुलै-ऑगस्टपर्यंत, पदवी प्रमाणपत्र तर दीक्षान्त समारंभानंतर. नावनोंदणी सप्टेंबरात. ही गोष्ट लपवून ठेवली तर ती पहिल्या हप्त्याच्या वेळीच उघडी पडते. एप्रिलमध्ये सांगितली तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालेल का आणि ते कधीपर्यंत द्यायचं, हे लेखी ठरवून घेता येतं.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर रचना वेगळी. मेलमध्ये आणि करारात पासपोर्टवरचंच नाव जावं, आणि युरोपात खातं उघडतानाही तेच. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आणि खात्याचा क्रमांक जुळतो का हे तपासून पाठवणाऱ्याला कळवतात. नाव जुळलं नाही तर लेखाविभाग हात आखडता घेण्याची शक्यता वाढते.

सांगलीच्या मुलीचा मेल इंग्रजीतच जाईल, पण त्याचा मजकूर असा असावा. विषयाच्या ओळीत: स्कॉलरशिपची स्वीकृती, कोर्सचं नाव, प्रवेशवर्ष, पासपोर्टवरचं पूर्ण नाव, अर्ज क्रमांक. खाली:

‘आपलं अमुक तारखेचं निवडपत्र मिळालं, मनापासून आभार. महिना १४०० युरो, २४ महिने, अशी ही स्कॉलरशिप मी स्वीकारत आहे. सोबत पाठवलेला कराराचा मसुदा मी वाचला आहे आणि त्यातल्या अटी मला मान्य आहेत. युरोपीय संघाची दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती मी घेतलेली नाही.

एक गोष्ट आत्ताच कळवते. माझी शेवटची परीक्षा जूनमध्ये आहे आणि निकाल ऑगस्टमध्ये अपेक्षित आहे. नावनोंदणीसाठी तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालेल का?

प्रवासाचं आणि राहण्याचं नियोजन करायचं असल्यानं तीन गोष्टी विचारते. पहिला हप्ता निघण्यासाठी माझ्याकडून कोणती कागदपत्रं लागतील आणि सप्टेंबरच्या यादीची शेवटची तारीख कोणती? पहिला हप्ता भारतातल्या खात्यात देता येतो का, की युरोपातलंच खातं लागेल? व्हिसासाठी महिन्याची रक्कम आणि कालावधी लिहिलेलं पत्र कधी मिळू शकेल?’

बस, एवढंच. घरची परिस्थिती, वडिलांचं कर्ज, लहानपणापासूनचं स्वप्न हे सगळं अर्जात लिहून झालेलं असतं. खात्याचा क्रमांक मेलमध्ये टाकायचा नाही. तो विद्यापीठ सांगेल त्या अधिकृत फॉर्मवर किंवा पोर्टलवरच द्यायचा. आणि उत्तरादाखल कुणी ‘प्रक्रिया शुल्क’ मागितलं तर तो मेल विद्यापीठाचा नाही असंच समजून, त्यांच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून तिथे विचारायचं.

उत्तर आलं की त्यातले शब्द नीट वाचावेत. ‘साधारणपणे नावनोंदणीनंतर तीन-चार आठवड्यांत’ असं लिहिलं असेल तर ते वचन नव्हे, अंदाज आहे. त्यात आणखी एका महिन्याचा खर्च मिळवूनच पैसे जमवावेत. युरोपातलं खातं लागेल असं उत्तर आलं तर आणखी एक फेरा असतो: जर्मनीत अनेक बँका खातं उघडताना स्थानिक पत्त्याची नोंद मागतात, आणि पत्त्याची नोंद करायला आधी भाड्याचं घर लागतं. म्हणजे हप्त्याआधी खातं, खात्याआधी पत्ता, पत्त्याआधी अनामत. आणि अनामत खिशातून. एकदा उघडलेलं खातं मात्र पुढच्या देशातही चालतं. युरो वापरणाऱ्या एका देशातलं खातं दुसऱ्या देशातल्या संस्थेनं केवळ परदेशी म्हणून नाकारू नये, असा युरोपीय संघाचा नियमच आहे.

ठरलेल्या तारखेला पैसे आले नाहीत तर लगेच तक्रारीचा सूर लावू नये. आधी आपल्या बाजूचं तपासावं: करारावर विद्यापीठाची उलट सही झालेली प्रत आपल्याकडे आहे का, नावनोंदणीचा दाखला पोहोचल्याचं कुणी कळवलंय का, खात्याचा क्रमांक मान्य झालाय का. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी अडलेलं असतं. मग जुन्याच मेलला उत्तर म्हणून, तारखांसकट, तीन ओळींची आठवण पाठवावी. नवा मेल केला की समोरच्याला पहिल्यापासून शोधावं लागतं.

याच योजनेत एकाहून अधिक कोर्सेसना अर्ज करणारे बरेच असतात आणि काहींची दोन ठिकाणी निवड होते. स्कॉलरशिप एकच घेता येते. तसं झालं असेल तर दुसऱ्या ठिकाणी नकाराचा मेलही त्याच दिवशी पाठवा. तुमचा नकार पोहोचल्याशिवाय प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव वर सरकत नाही, आणि त्या मुलालाही व्हिसा, तिकीट आणि ते पावणेतीन लाख याच उन्हाळ्यात जमवायचे असतात.